घरातल्या माणसांचा पगार आणि त्याचे कागद: उद्यमबागेतल्या एका कारखान्याचा प्रश्न

वडगावची सून (धागाकर्ती)

नमस्कार. बेळगावात उद्यमबागेत आमचे मशीन शॉप आहे. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे टर्निंग आणि मिलिंग करून आम्ही माल परत देतो. धंदा सासऱ्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. सरलेल्या २०२५-२६ या वर्षात उलाढाल ४ कोटी २० लाख झाली. जमा जवळपास सगळी बँकेतून असली तरी रोजंदारी, हमाली आणि टेंपोभाडे रोखीने जात असल्यामुळे आम्हाला दर वर्षी टॅक्स ऑडिट करून घ्यावे लागते.

घरातली चार माणसे पगारावर आहेत. सासूबाईंना महिना ३० हजार, माझ्या यजमानांना ४५ हजार, चुलत सासऱ्यांना, म्हणजे सासऱ्यांच्या सख्ख्या धाकट्या भावांना, ३५ हजार आणि मला २५ हजार. यजमान मेकॅनिकलचे डिप्लोमाधारक असून सीएनसीचे प्रोग्रॅम तेच लिहितात. काका खरेदी आणि माल रवाना करणे बघतात. मी बी.कॉम. आहे आणि हिशेब व जीएसटी माझ्याकडे आहे. सासूबाई पंचवीसेक वर्षे कामगारांच्या हजेरीचे आणि रोख पेटीचे काम सांभाळत आल्या आहेत.

पूर्वीच्या लेखापालांची पद्धत अशी होती की वर्षभर घरखर्चाला लागेल तसे पैसे सासऱ्यांच्या खात्यातून निघत आणि ३१ मार्चला चौघांच्या पगाराची एकच जमाखर्ची नोंद पडे. या वर्षी नेमलेल्या नव्या सीएंनी ती नोंद पाहून विचारले, की या पगाराचा कागद कुठे आहे. काम आम्ही सगळेच खरोखर करतो. ते कागदावर नीट कसे आणायचे, आणि सासूबाईंच्या पगाराचा करासाठी काही उपयोग होतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निपाणी पेठ

ताई, आमचा तंबाखूचा व्यापार तीन पिढ्यांचा आहे आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावावर पगार पडतो. माझ्या माहितीप्रमाणे नातेवाइकाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत पगार दिला तर खाते त्यात शिरत नाही. त्याच्या वर गेले की मात्र विचारणा होते. पगार बँकेतून द्यावा, एवढे पथ्य पाळले की पुरे आहे. रोखीनेच द्यायचा झाल्यास एका दिवशी दहा हजारांच्या आत ठेवावा. सूनही नातेवाईकच असल्याने आपला पगारही त्याच यादीत धरावा लागेल.

टिळकवाडीचे हिशेबनीस

निपाणीच्या मित्रांनी बँकेचा मुद्दा योग्य मांडला आहे, पण बाकी दोन गोष्टी दुरुस्त करणे भाग आहे, कारण त्या आपल्या भागात सर्रास सांगितल्या जातात. नातेवाइकांच्या पगारासाठी अडीच लाखांची किंवा दुसरी कोणतीही ठरावीक मर्यादा आयकर कायद्यात नाही. काम न करणाऱ्या माणसाचा एक लाखाचा पगारही पूर्ण नामंजूर होऊ शकतो आणि पूर्ण वेळ काम करणाऱ्याचा दहा लाखांचा पगारही मान्य होऊ शकतो. दुसरी गोष्ट सुनेची. १९६१ च्या कायद्यातली नातेवाइकाची व्याख्या आपल्या घरातल्या व्याख्येपेक्षा बरीच अरुंद आहे. तिच्यात पती, पत्नी, भाऊ, बहीण आणि थेट वरची व खालची पिढी एवढीच माणसे येतात. म्हणून मालकाच्या बाबतीत पत्नी, मुलगा आणि धाकटे भाऊ नातेवाईक ठरतात, सून ठरत नाही. ऑडिट अहवालाच्या ३सीडी फॉर्ममध्ये २३ व्या मुद्द्याखाली नातेवाइकांना दिलेल्या रकमा दाखवाव्या लागतात. तिथे तिघांची नावे येतील, आपले नाव येणार नाही. अर्थात व्याख्येबाहेर असल्याने आपला पगार तपासातून सुटतो असे नाही. कोणताही खर्च निव्वळ धंद्यासाठीच झाला, हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर राहतेच.

आता अधिकारी या पगारांकडे कोणत्या नजरेने पाहील ते आधी समजून घेऊ या. चौघांचा मिळून महिन्याला १ लाख ३५ हजार, म्हणजे वर्षाला १६ लाख २० हजार पगार होतो. हा पगार वजा होण्यापूर्वीचा नफा समजा ३८ लाख आहे. नव्या करप्रणालीत २०२५-२६ च्या दराने ३८ लाखांवर उपकरासह ७,४८,८०० रुपये कर बसतो, तर पगार वजा जाऊन उरलेल्या २१ लाख ८० हजारांवर २,५४,८०० रुपये बसतो. फरक ४ लाख ९४ हजारांचा आहे. दुसरीकडे, इतर उत्पन्न नसेल तर पगार घेणाऱ्या चौघांपैकी एकालाही कर भरावा लागत नाही, कारण सर्वांचे उत्पन्न सवलतीच्या मर्यादेत राहते. म्हणजे एका घरातले उत्पन्न वरच्या दराच्या खिशातून शून्य दराच्या खिशात गेले. यात बेकायदा काहीच नाही. पण एवढा फरक दिसल्यावर अधिकारी प्रश्न विचारणारच, आणि त्याचे उत्तर ३१ मार्चची एकच नोंद देऊ शकत नाही.

त्या नोंदीचा खरा दोष तिच्या तारखेत नाही. वर्षअखेर देणे असलेला पगार जमाखर्चात धरता येतो. दोष असा आहे की तिच्यावरून पगार कोणी, कधी, कोणत्या कामासाठी घेतला हे कळत नाही. शिवाय सासऱ्यांची घरखर्चाची उचलच वर्षअखेरीला पगाराच्या नावाने वळती केली, असा अर्थ सहज निघतो. किराणा, शाळेची फी आणि लग्नाचा आहेर सासऱ्यांच्या खात्यातून गेला आणि नंतर तीच रक्कम चार नावांवर वाटली, असे जमाखर्चातून दिसत असेल, तर त्या वर्षापुरता बचाव अवघड आहे.

शाहूपुरीतला सहायक

मी कोल्हापुरात एका सीएंच्या कार्यालयात काम करतो. निपाणी, संकेश्वर आणि बेळगावचे बरेच ग्राहक आमच्याकडे येतात. व्यवसाय कराविषयी एक भर घालतो. महिलांना पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नसतो. त्यामुळे आपल्या पगारातून काही कापण्याची गरज नाही. आपल्या यजमानांच्या आणि काकांच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापावेत.

टिळकवाडीचे हिशेबनीस

शाहूपुरीच्या मित्रांनी सांगितलेली महिलांची सूट महाराष्ट्राच्या कायद्यातली आहे. उद्यमबाग कर्नाटकात आहे आणि इथे व्यवसाय कर कर्नाटकच्या १९७६ च्या कायद्याने लागतो. त्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही. पगार पंचवीस हजारांपेक्षा कमी असेल तर कर नाही, पंचवीस हजार किंवा जास्त असेल तर महिन्याला २०० रुपये, आणि एप्रिल २०२५ पासून फेब्रुवारीत ३०० रुपये, असा वर्षाचा एकूण २,५०० रुपयांचा हिशेब आहे. धागाकर्तीचा पगार बरोबर २५ हजार असल्याने तोही करपात्र आहे. तोच पगार २४,९०० असता तर नसता. सीमेपलीकडच्या कार्यालयातून कागद तयार होऊन आले की हा फरक नेहमी सुटतो, म्हणून मुद्दाम लिहिले.

हा कर लहान असला तरी आपल्या विषयात त्याचे वजन मोठे आहे. घरातल्या माणसाच्या पगारातून दरमहा व्यवसाय कर कापून पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत भरला असेल, तर तो पगार त्या त्या महिन्यात खरोखरच देय होता याचा सरकारी खात्याच्या तारखेचा पुरावा तयार होतो. असा कागद नंतर बसून करता येत नाही.

खानापूर

आमची दोघा भावांची निम्म्या-निम्म्या हिश्श्याची भागीदारी आहे आणि काजू फोडण्याचे युनिट आहे. मी दरमहा चाळीस हजार पगार घेतो. वरचे वाचून असे वाटते की मीही स्वतःला नेमणूकपत्र द्यावे. माझी पत्नीही युनिटवर प्रतवारीचे काम बघते आणि वीस हजार घेते. आम्ही दोघांचीही नेमणूकपत्रे करावीत का?

टिळकवाडीचे हिशेबनीस

आपला प्रश्न थोडा वेगळा आहे. भागीदार स्वतःच्या फर्मचा नोकर होत नाही. आपण घेता तो भागीदाराचा मोबदला आहे. नेमणूकपत्राने तो मान्य होत नाही, त्याला भागीदारीच्या करारनाम्यात आधार लागतो आणि आपण काम करणारे भागीदार असावे लागता. त्याची कमाल मर्यादा फर्मच्या नफ्याच्या प्रमाणात ठरते. पहिल्या सहा लाखांच्या नफ्यावर तीन लाख किंवा नव्वद टक्के यांतली जी रक्कम जास्त असेल ती, आणि त्यापुढच्या नफ्यावर साठ टक्के. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला वीस हजारांपेक्षा जास्त मोबदला दिल्यास फर्मने त्यावर दहा टक्के कर कापायचा आहे, हेही आपल्या लेखापालाला विचारून पाहा. पत्नीला मात्र नेमणूकपत्र द्या. त्यांच्या पगाराचा प्रश्न धागाकर्तीच्या सासूबाईंसारखाच आहे, त्याकडे आता येतो.

पत्नीच्या पगारासाठी कायद्यात स्वतंत्र नियम आहे. ज्या धंद्यात पतीला भरीव हितसंबंध आहे, म्हणजे कंपनी नसलेल्या धंद्यात किमान वीस टक्के नफ्याचा हक्क आहे, त्या धंद्यातून पत्नीला मिळालेला पगार पतीच्याच उत्पन्नात मिळवला जातो. पत्नी मालक असून पती पगारावर असेल तरी नियम तोच आहे. अपवाद एकच. पगार घेणाऱ्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असली पाहिजे आणि पगार केवळ त्या ज्ञानाच्या व अनुभवाच्या वापरातून मिळालेला असला पाहिजे. सासूबाई या अपवादात बसल्या नाहीत तर त्यांचे ३ लाख ६० हजार एकीकडे खर्च म्हणून वजा होतील आणि दुसरीकडे सासऱ्यांच्या उत्पन्नात परत येतील. उरणारा फायदा फार तर पगारदाराला मिळणाऱ्या ७५ हजारांच्या प्रमाणित वजावटीपुरता असतो. पगार देणे चुकीचे ठरत नाही, त्यांच्या खात्यात त्यांच्या कामाचे पैसे जमा होणे ही गोष्ट मला स्वतःला महत्त्वाची वाटते. पण कर वाचेल या हिशेबाने तो देऊ नये.

मुलाच्या आणि भावाच्या पगाराला हा नियम लागत नाही. तिथे प्रश्न एवढाच असतो, की पगार कामाच्या मानाने जास्त आहे का.

मच्छे रोड

हिशेबनीस काकांशी मी एका मुद्द्यावर सहमत नाही. तांत्रिक पात्रता म्हणजे पदवीच, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. माझ्या आईने वडगावात आमच्या मागांच्या कारखान्याचा सूत-खरेदीपासून मजुरीपर्यंतचा सगळा व्यवहार वर्षानुवर्षे एकटीने सांभाळला आहे. तिचे शिक्षण सातवीपर्यंतचे आहे. पण सुताचा काउंट हाताने ओळखणारी तिच्यासारखी माणसे आज थोडी आहेत. तिच्या अनुभवाला पात्रता म्हणायचे नाही, तर मग कशाला म्हणायचे? धागाकर्तीच्या सासूबाईंनी पंचवीस वर्षे हजेरी आणि रोख पेटी सांभाळली आहे. त्यांचा पगार वेगळा दाखवून रिटर्न भरावे, असे माझे मत आहे.

टिळकवाडीचे हिशेबनीस

आपला मुद्दा बिनआधाराचा नाही. ऐंशीच्या दशकात आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने याच धर्तीवर म्हटले होते, की पात्रता म्हणजे विद्यापीठाची पदवी किंवा पदविकाच असे नाही, त्या कामाला लागणारे कसब असले तरी पुरे. त्यानंतर नव्वदच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाने एका डॉक्टरांच्या प्रकरणात कडक भूमिका घेतली. तिथे पत्नी दवाखान्यात स्वागतिका आणि हिशेबनीस म्हणून काम करत होती आणि तिचा पगार पतीच्या उत्पन्नात मिळवला गेला. आपला जिल्हा यांपैकी कोणत्याच उच्च न्यायालयाखाली येत नाही. आपले आयकर अपील न्यायाधिकरणाच्या पणजी खंडपीठाकडे जाते आणि तिथून पुढे कर्नाटक उच्च न्यायालयात.

आपल्या आईंसारख्या, सूत पारखणाऱ्या माणसाच्या बाबतीत मी लढायला तयार होईन. हजेरी मांडणे आणि रोख पेटी सांभाळणे याला तांत्रिक ज्ञान म्हणणे मला अवघड वाटते, मग ते काम पंचवीस वर्षांचे का असेना. माझा सल्ला असा, की सासूबाईंचा पगार सासऱ्यांच्या उत्पन्नात मिळवून दाखवावा.

मच्छे रोड

कामगार कोणता, कोणत्या मशीनवर किती नग काढतो हे पाहून मजुरी ठरवणे हेही सासूबाईंच्या कामात येत असेल, तर माझे मत कायम आहे. निर्णय त्यांच्या सीएंनी घ्यावा.

वडगावची सून

सासूबाई नगावारी मजुरी काढत असत, पण दोन वर्षांपासून ते काम यजमानांकडे आले आहे. त्यामुळे आम्ही बहुधा हिशेबनीस काकांच्या मार्गाने जाऊ. काकांच्या ३५ हजारांची मला जास्त चिंता वाटते. आमच्याकडचा बाहेरचा सुपरवायझर महिना २४ हजार घेतो. त्याच्याशी तुलना झाली तर काय करायचे? आणि कागद नेमके कोणते करायचे? मागच्या तारखेची नेमणूकपत्रे करून ठेवावीत, असे घरात एकाने सुचवले आहे.

टिळकवाडीचे हिशेबनीस

मागच्या तारखेचा एकही कागद करू नका. मुद्रांक कागदाची विक्री तारीख, संगणकातल्या फाइलची तारीख, शाईचा ताजेपणा, यांतली एखादी गोष्ट तरी बोलतेच, आणि एक कागद खोटा ठरला की बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो. त्याऐवजी आजच्या तारखेचे पत्र करा. त्यात अमुक वर्षापासून हे गृहस्थ हे काम करत आहेत, सध्याचा पगार इतका आहे, कामाची वेळ अशी आहे आणि जबाबदारी अमुक आहे, असे सरळ लिहा. ते पुष्टिपत्र होते, त्यात लपवण्यासारखे काही नसते.

२०२५-२६ साठी नवे कागद तयार करण्याऐवजी त्या वर्षात आपोआप तयार झालेले कागद शोधा. काकांच्या सहीची रवानगीची चलने, त्यांनी पुरवठादारांना पाठवलेले मेल आणि संदेश, गेटवरच्या वहीतली त्यांची वेळ, यजमानांच्या नावाने साठवलेल्या प्रोग्रॅमच्या फाइली आणि सेटिंग शीटवरची त्यांची सही, जीएसटीसाठी आपल्या नावाचे अधिकारपत्र. काम झाल्याचा खरा पुरावा हाच असतो. दर महिन्याचे पाच-सहा नमुने वेगळे काढून फाइल करा. सगळ्या गठ्ठ्याची गरज नाही.

इथून पुढे घरच्या माणसांसाठी वेगळे पगारपत्रक ठेवू नका. बाकीच्या कामगारांच्याच हजेरीपुस्तकात आणि पगारपत्रकात त्यांची नावे घाला, आणि सगळ्यांचा पगार ज्या दिवशी होतो त्याच दिवशी त्यांचाही होऊ द्या. पगार ज्याच्या त्याच्या स्वतःच्या खात्यात जावा, सासऱ्यांबरोबरच्या संयुक्त खात्यात नको. पुढच्या आठवड्यात तीच रक्कम सासऱ्यांच्या खात्यात परत येताना दिसली, तर बँकेतून दिल्याचा काही उपयोग राहत नाही. तपासणीत बँकेच्या उताऱ्यात सगळ्यात आधी हेच पाहिले जाते. निपाणीच्या मित्रांनी सांगितलेली दहा हजारांची रोख मर्यादा कायद्यात आहे, पण तिच्या आत राहून दिलेला रोख पगार घरच्या माणसाच्या बाबतीत कमजोर पुरावा ठरतो.

आता काकांचा दर. समजा अधिकाऱ्याने बाहेरच्या सुपरवायझरचे २४ हजार प्रमाण मानले. तर महिना ११ हजार, वर्षाला १ लाख ३२ हजार एवढाच भाग जादा ठरवून नामंजूर होईल. सगळे ४ लाख २० हजार नामंजूर होणार नाहीत. तीस टक्क्यांच्या टप्प्यात धरल्यास त्यावर उपकरासह ४१,१८४ रुपये कर आणि शिवाय व्याज लागेल. काकांच्या हातातले उत्पन्न मात्र ४ लाख २० हजारच राहते. नामंजूर झालेल्या भागाची सूट त्यांना आपोआप मिळत नाही.

पण ही तुलना बरोबर आहे का, हे आधी पाहायला हवे. सुपरवायझर एका पाळीत मशीनवर देखरेख करतो. काका खरेदीचा दर ठरवतात, फौंड्रीशी वाद झाला तर तो मिटवतात, माल रवाना करतात आणि माझ्या अंदाजाने शटरही तेच उघडत असतील. ही दोन कामे एकच नाहीत. उद्यमबागेत किंवा मच्छेच्या वसाहतीत खरेदी आणि रवानगी एकत्र पाहणाऱ्या बाहेरच्या माणसाला काय मिळते, याच्या दोन-तीन जाहिराती किंवा ओळखीच्या कारखान्याकडून मिळालेले लेखी उत्तर आजच फाइलमध्ये लावा. पगार जास्त आहे असे नुसते म्हणून अधिकाऱ्याला भागत नाही, बाजारातला योग्य दर काय हे त्यालाही दाखवावे लागते. आपली तुलना आधीच समोर असेल तर त्याला दुसरी शोधावी लागेल.

पगारवाढ कधी होते, हीही एक खूण आहे. कामगारांना आठ टक्के आणि काकांना त्याच वर्षी चाळीस टक्के वाढ दिली आणि त्याच वर्षी नफा भरपूर झाला असेल, तर वाढ कामामुळे झाली की नफा वाटण्यासाठी झाली, असा प्रश्न येतो.

शाहूपुरीतला सहायक

व्यवसाय कराची दुरुस्ती मान्य आहे, आमच्या बेळगावच्या ग्राहकांचे तक्ते मी आजच तपासतो. एक अनुभव सांगतो. आता तपासणी चेहरा न दाखवता, म्हणजे फेसलेस पद्धतीने होते आणि प्रकरण कोणत्या शहरातल्या अधिकाऱ्याकडे गेले ते आपल्याला कळत नाही. सीमाभागातले हजेरीपुस्तक, किर्द आणि पत्रे मराठीत असतात. आमच्या एका ग्राहकाने मराठीतली सगळी फाइल तशीच चढवली आणि ती वाचलीच गेली नाही, असे आदेशावरून स्पष्ट दिसत होते. मराठी कागद तसेच ठेवा, पण सोबत इंग्रजी किंवा हिंदीत एका पानाचा गोषवारा आणि महत्त्वाच्या पानांचे भाषांतर जोडा.

निपाणी पेठ

अडीच लाखांच्या मर्यादेविषयी आमच्या पूर्वीच्या मुनिमांनी सांगितले होते, म्हणून लिहिले होते. एक विचारतो. माझ्या मुलाचे किराणा दुकान आहे, उलाढाल दीड कोटीची आहे आणि तो अंदाजित पद्धतीने सहा टक्के नफा दाखवून रिटर्न भरतो. त्या सहा टक्क्यांतून पुतण्याचा पगार वजा करता येईल का?

टिळकवाडीचे हिशेबनीस

नाही. अंदाजित पद्धतीत सगळे खर्च त्या टक्केवारीत धरलेले असतात, त्यातून पगार वेगळा वजा होत नाही. पुतण्याला दिलेला पगार त्याच्या हातात मात्र उत्पन्नच राहतो.

धागाकर्तीसाठी एक शेवटचा मुद्दा राहिला आहे, तो आज लागू नसला तरी लवकरच लागू शकतो. यजमानांना धंद्यात भागीदार करून घेण्याचा विचार असेल तर त्याआधी आपल्या पगाराचा विचार करा. भरीव हितसंबंधाचे वीस टक्के मोजताना माणसाचा आणि त्याच्या नातेवाइकांचा हिस्सा एकत्र धरतात. यजमानांना पाच टक्केच हिस्सा दिला तरी वडिलांचा हिस्सा त्यात मिळून वीस टक्के ओलांडले जातील आणि आपला पगार यजमानांच्या उत्पन्नात मिळवण्याचा प्रश्न उभा राहील. आपण बी.कॉम. आहात आणि हिशेबाचेच काम करता, त्यामुळे अपवादात बसण्याची आपली बाजू सासूबाईंपेक्षा पुष्कळ भक्कम आहे. पण आपल्या पत्रात हिशेब आणि जीएसटी एवढेच काम लिहा. त्यात 'कार्यालयाची सर्वसाधारण देखरेख' असे शब्द घातले, तर पगार केवळ त्या ज्ञानातून मिळाला, असे म्हणणे अवघड होईल.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या पगाराला २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे. कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण या प्रश्नांचा गाभा तोच आहे. २०२५-२६ चे ऑडिट मात्र जुन्या कायद्यानेच होईल.

वडगावची सून

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांचे उत्पन्न प्रमाणित वजावट जाऊन ४ लाख ६५ हजार होते, म्हणजे कर नसला तरी चार लाखांच्या वर असल्याने त्यांना रिटर्न भरावेच लागेल, असे सीएंनी सांगितले. काकांचे ३ लाख ४५ हजार होते. त्यांना भरणे बंधनकारक नसले तरी आम्ही भरणार आहोत. या महिन्यापासून चौघांची नावे कामगारांच्या हजेरीपुस्तकात घेतली आहेत. सासूबाईंचे खाते सासऱ्यांबरोबर संयुक्त आहे, ते वेगळे काढायला सोमवारी बँकेत जाणार आहोत. एवढेच विचारायचे राहिले, की काका आमच्याच घरात राहतात आणि दरमहा घरखर्चाला आठ हजार सासऱ्यांच्या हातात देतात. ते बँकेतून दिले तर पगार परत आला असा अर्थ निघेल का?

टिळकवाडीचे हिशेबनीस

घरखर्चाचा वाटा म्हणून ठरावीक आठ हजार दिले तर तसा अर्थ निघू नये, कारण पस्तीस हजारांपैकी उरलेले पैसे काकांच्याच खात्यातून त्यांच्या विम्यासाठी, मुलांच्या फीसाठी आणि बचतीसाठी जाताना दिसतील. फक्त ते पैसे धंद्याच्या खात्यात टाकू नका, सासऱ्यांच्या घरगुती बचत खात्यात टाका आणि व्यवहाराच्या नोंदीत 'घरखर्च' असे लिहा.